बायोडेटा जोडला आहे म्हणतात, पण फाइल कुठे आहे?

नोकरीची जाहिरात दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी इनबॉक्स उघडला, की एचआर विभागातल्या माणसाला एक मेल हमखास भेटतो. पत्र नेटकं असतं, पदाचं नाव बरोबर असतं आणि शेवटी 'सोबत बायोडेटा जोडला आहे, कृपया पाहावा' अशी विनंतीही असते. फक्त बायोडेटा नसतो.

अशा मेलला बहुतेक ठिकाणी उत्तरच जात नाही. शंभर अर्ज पुढ्यात असताना एक आपोआप गळाला, एवढाच विचार होतो. काही जण 'रेझ्युमे मिळाला नाही, पुन्हा पाठवा' अशी ओळ ठोकतात. काहींना खोचक बोलायची हुक्की येते: 'एवढंही लक्ष नसेल तर नोकरीत काय लक्ष देणार?' पण थोडेच लोक नीट उत्तर देतात आणि त्याला फार तर पाच मिनिटं लागतात. ते उत्तर कसं तयार होतं, हे एका कल्पित अर्जावरून पाहू.

चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा आहे असं धरा. सांगलीकडच्या एका डिप्लोमाधारक मुलीने रात्री पावणेबाराला मोबाइलवरून अर्ज पाठवला. एचआरमधल्या बाईंनी सकाळी तो उघडला, तर फाइल नाही. इथे त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नाही. आधी त्यांनी आपल्याच घरात फाइल हरवली नाही ना, हे पाहिलं.

कारण फाइल आपल्याकडेही गहाळ होते. सर्वांत नेहमीचा प्रकार असा: अर्ज आधी विभागप्रमुखांकडे येतो आणि ते 'फॉरवर्ड' करण्याऐवजी 'रिप्लाय' दाबून त्यातच एचआरचा पत्ता घालतात. फॉरवर्ड केलेल्या मेलसोबत मूळ फाइल पुढे जाते. रिप्लायमध्ये ती सहसा मागेच राहते, पुढे जातो तो फक्त मजकूर. दुसरा प्रकार म्हणजे कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेला फाइल संशयास्पद वाटते आणि ती बाजूला काढून ठेवली जाते. पासवर्ड घातलेली झिप फाइल असेल तर असं होण्याची शक्यता अधिक. तिसऱ्यात अर्जदाराच्या आउटलुकमधून winmail.dat नावाची न उघडणारी फाइल येते आणि बायोडेटा तिच्या पोटात अडकलेला असतो. या तिन्हींत अर्जदाराची चूक नाही.

शंका फिटत नसेल तर मेलचं मूळ रूप पाहता येतं. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर 'Show original' हा पर्याय मिळतो. तिथे दिसणारा मजकूर गिचमिड असतो, पण शोधायची ओळ एकच:

```
Content-Disposition: attachment; filename="resume.pdf"
```

अशी ओळ असेल तर फाइल निघाली होती आणि पोचलीही होती. ती अजिबात नसेल आणि कंपनीच्या यंत्रणेनेही काही अडवलं नसेल, तर फाइल जोडायचीच राहिली असं समजायला हरकत नाही. (मेलला फाइल जोडण्याची ही पद्धत 1992 सालची आहे. ती घडवणाऱ्यांपैकी नथॅनियल बोरेनस्टाइन यांनी त्या वर्षी मार्चमध्ये चाचणीसाठी आपल्या हौशी गायकचमूचा फोटो जोडून पाठवला होता. तो मात्र पोचला.)

आपल्या बाजूला काही सापडलं नाही, तेव्हा बाईंनी त्याच मेलवर रिप्लाय करून लिहिलं:

'नमस्कार, क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठीचा तुमचा अर्ज काल रात्री मिळाला. मेलमध्ये बायोडेटाचा उल्लेख आहे, पण फाइल आमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. कृपया याच मेलला उत्तर देऊन ती पीडीएफ स्वरूपात पाठवावी. अर्जांची छाननी गुरुवारी सायंकाळी पाच वाजता सुरू होईल, तोपर्यंत फाइल मिळाली तर तुमचा अर्ज इतरांबरोबरच पाहिला जाईल. आधार, पॅन किंवा गुणपत्रिका आत्ता पाठवू नयेत.' खाली बाईंचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा फोन.

या पत्रात 'काळजी करू नका' नाही, 'असं सगळ्यांचंच होतं' नाही. तरीही ते मायेचं आहे आणि ही माया गोड शब्दांतून आलेली नाही. अर्जदाराच्या मनात येणारे प्रश्न विचारायच्या आधीच सुटले आहेत. अर्ज पोचला का? पोचला. बाद झाला का? नाही. कुठे पाठवू, कशी पाठवू, कधीपर्यंत? सगळं सांगितलं आहे. 'लवकरात लवकर पाठवा' असं लिहिलं असतं, तर कॉलेजात किंवा पाळीवर असलेली मुलगी दिवसभर तळमळली असती. गुरुवार, पाच वाजता, म्हटल्यावर तिला संध्याकाळी घरी जाऊन शांतपणे फाइल पाठवता येते.

'फाइल पोचलेली दिसत नाही' हे वाक्यही विचार करून लिहिलेलं आहे. 'तुम्ही फाइल जोडली नाही' यात आरोप आहे आणि तो खोटाही ठरू शकतो. आपल्या यंत्रणेने फाइल गिळली असेल तर एचआरलाच ओशाळं व्हायची वेळ येते. पोचली नाही, एवढंच आपल्याला खात्रीने माहीत असतं. तेवढंच लिहावं.

आता खोचक प्रश्नाकडे वळू. फाइल जोडायला विसरणारा माणूस कामात निष्काळजी असतो का? या प्रकारच्या चुकीचा मानसशास्त्रात अभ्यास झाला आहे. मायकेल बर्न आणि सुझन बोवेर या अमेरिकी संशोधकांनी 1997 साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुख्य काम उरकलं की मन 'झालं' म्हणून मोकळं होतं आणि त्यानंतरची बारीक पायरी निसटते, असं हे दुखणं. झेरॉक्सची प्रत मिळाली की मूळ कागद काचेवरच राहतो. पैसे हातात आले की एटीएममध्ये कार्ड विसरतं, म्हणून बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड बाहेर येतं आणि मगच नोटा. लोकांना सावध राहायला सांगून प्रश्न सुटला नाही, पायऱ्यांचा क्रम बदलल्यावर तो आटोक्यात आला.

अर्जाच्या मेलचंही तसंच आहे. अर्जदाराची सगळी शक्ती पत्राच्या भाषेत खर्च होते. शेवटचं वाक्य जमलं, की काम संपल्यासारखं वाटतं आणि बोट 'सेंड'वर जातं. 'बायोडेटा जोडला आहे' असं लिहिल्यामुळे तो जोडल्याचाच भास होतो, ही त्यातली गंमत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे कधीच कळलं होतं. जीमेलमध्ये 2008 पासून याची आठवण करून देणारी सोय आहे: जोडल्याचा उल्लेख आहे आणि फाइल नाही, असं दिसलं की ते थांबवून विचारतं. थंडरबर्ड या मोफत कार्यक्रमात अशी आठवण कोणत्या शब्दांवर व्हावी याची यादीच असते आणि त्या यादीत आपले शब्दही घालता येतात. मराठीत अर्ज लिहिणाऱ्यांनी त्यात 'जोडला' आणि 'सोबत' घालून ठेवावेत. इंग्रजी शब्द हेरणारी सोय मराठी वाक्यावर जागी होईलच, या भरवशावर राहू नये.

म्हणून या एका चुकीवरून क्वालिटी इन्स्पेक्टरची पारख करणं हे चुकीच्या मापाने मोजणं आहे. तपासणीतली नजर बघायची असेल तर मुलाखतीत हातात व्हर्नियर आणि एक सदोष भाग द्यावा. दोष पकडता येतो की नाही, ते दहा मिनिटांत कळतं. दुसऱ्यांदाही फाइल आली नाही, किंवा भलत्याच कंपनीच्या नावाने लिहिलेलं पत्र आलं, तर गोष्ट वेगळी. पहिल्या चुकीला मात्र एक उत्तर देणं रास्त आहे.

त्या सवलतीलाही मर्यादा हवी. एकीला गुरुवारपर्यंत मुदत दिली, तर फाइल राहिलेल्या बाकीच्या सगळ्यांनाही तीच द्यायला हवी, नाहीतर चांगुलपणाचं रूपांतर वशिल्यात होतं. सरकारी भरतीत तर अधिकाऱ्याला एकट्यासाठी मुदत वाढवण्याची मुभा नसते, तिथे जाहिरातीतले नियमच शेवटचे.

अशी अडचण आणखी एका वेषात येते. मेलमध्ये फाइल नसते, गुगल ड्राइव्हचा दुवा असतो आणि उघडायला गेलं की परवानगी मागितली जाते. जीमेलमधून 25 एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जात नाही, ती ड्राइव्हच्या दुव्याच्या रूपात जाते. दोन पानी बायोडेटा एवढा मोठा नसतो, पण मोबाइलवर काढलेल्या प्रमाणपत्रांच्या फोटोंसह एकच फाइल केली की ती फुगते. इथे परवानगीचं बटण दाबून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. 'दुवा आमच्याकडे उघडत नाही, फक्त बायोडेटाची दोन पानं पीडीएफ करून जोडा' असं लिहिलं, तर एका मेलमध्ये काम होतं.

असं उत्तर मिळालेल्या अर्जदाराने लांबलचक क्षमायाचना लिहू नये. 'फाइल राहिली होती, सोबत पाठवत आहे, कळवल्याबद्दल आभार' एवढं पुरे. फाइलचं नाव 'फायनल 3' असं ठेवण्यापेक्षा स्वतःचं नाव आणि पद असं ठेवावं. पाठवल्यावर 'सेंट'मध्ये जाऊन ती उघडून पाहावी.

उत्तर खरं आहे का, हेही तपासावं. आपण पाठवलेल्या मेलच्याच साखळीत ते आलं असेल आणि पाठवणाऱ्याचा पत्ता जाहिरातीतलाच असेल, तर सहसा चिंता नसते. नवीन पत्त्यावरून 'तुमचा रेझ्युमे मिळाला नाही, सोबत नोंदणी शुल्क भरा' असं कोणी लिहिलं, तर ते फसवणुकीचं लक्षण समजावं. बायोडेटा पुन्हा पाठवायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या अर्जासाठी एटीएमचाच धडा घ्यावा: आधी फाइल जोडावी, मग पत्र लिहावं आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता सगळ्यांत शेवटी घालावा. पत्ता नसलेला मेल चुकून दाबला तरी जात नाही. त्यातूनही राहिलंच, तर जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला सुरुवातीला पाचच सेकंद मिळतात. संगणकावर सेटिंग्जमध्ये 'Undo Send' शोधून ही मुदत 30 सेकंद करून घ्या.