विजेची डिलिव्हरी व्हॅन: किमान किती चालवायची, कमाल किती चालेल?



मागच्या काही भागांत आपण डिझेल आणि सीएनजीच्या मालवाहू गाड्यांबद्दल बोललो. त्यानंतर भिलाईहून एका मराठी वितरकाचा प्रश्न आला. बिस्किटं, साबण, चहा असा किराण्याचा माल त्यांच्याकडे असतो. नंदिनी रोडला गोदाम, चार छोट्या पेट्रोल गाड्या. दोन गाड्या आता बदलायला आल्यात. ते विचारतात, "विजेची व्हॅन घेतली तर पैसे खरंच वाचतात का? आणि भर दुपारी माल भरलेला असताना ती रस्त्यात बंद पडली तर?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गंमत म्हणजे दोघांचं उत्तर एकाच आकड्यात आहे: तुमची गाडी दिवसाला किती किलोमीटर चालते? तो आकडा फार लहान असेल तर विजेची गाडी तोट्यात जाते आणि फार मोठा असेल तर ती पोहोचत नाही. या दोन टोकांच्या मधे तुमचा मार्ग बसतो का, एवढंच आज बघायचं आहे.

तुलना सरळ व्हावी म्हणून एकच गाडी घेऊ. आपल्याकडे जिला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात, त्या टाटा एसच्या घराण्यात जून २०२५ मध्ये 'एस प्रो' आली. साडेसातशे किलो माल नेणारी ही गाडी पेट्रोलवरही मिळते आणि विजेवरही. बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत पेट्रोलला ३ लाख ९९ हजार आणि विजेच्या गाडीला साडेसहा लाख होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. म्हणजे दोघींतलं अंतर थोडं वाढलं. आपण ते २ लाख ८० हजार धरू. तुमच्या राज्यात रोड टॅक्समध्ये किंवा अनुदानात जी सूट मिळेल, ती यातून वजा करा. छत्तीसगडचं स्वतःचं ईव्ही धोरण २०२२ पासून आहे. तेव्हा सध्या काय मिळतं ते आरटीओत विचारून घ्या. डीलरच्या तोंडी आश्वासनावर हिशेब मांडू नका.

आता हे जास्तीचे २ लाख ८० हजार पाच वर्षांच्या कर्जाने घेतले, व्याज ११ टक्के, तर त्यांचा हप्ता महिन्याला साधारण ६,१०० रुपये होतो. गाडी उभी असो की पळो, हा हप्ता भरावाच लागतो.

बचत मात्र गाडी पळाली तरच होते. माल भरून, गल्लीबोळांत थांबत थांबत जाणारी पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू. पेट्रोल १०० रुपये लिटर. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ७० पैसे. विजेच्या गाडीला अशाच कामात मीटरवर किलोमीटरमागे ०.१६ युनिट लागेल असं समजू. यात चार्जिंग करताना वाया जाणारी वीजही आली. युनिट ८ रुपयांना पडलं, तर किलोमीटरला १ रुपया ३० पैसे. फरक झाला ५ रुपये ४० पैसे. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही, त्याचे आणखी ४० पैसे धरा. एकूण बचत किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे.

६,१०० रुपयांचा हप्ता ५.८० ने भागा. महिन्याला १,०५० किलोमीटर येतात. कामाचे दिवस २६ धरले तर रोजचे ४०. ही झाली खालची मर्यादा. रोज २५ किलोमीटर चालणारी गाडी विजेवर आणली तर महिन्याला ३,७७० रुपये वाचतात, म्हणजे हप्त्याला २,३०० रुपये कमीच पडतात. 'वीज स्वस्त आहे' हे खरं असूनही व्यवहार तोट्याचा होतो. उलट रोज ५५ किलोमीटर चालणारी गाडी महिन्याला ८,३०० वाचवते. हप्ता जाऊन २,२०० उरतात आणि कर्ज फिटलं की पुढे सगळे ८,३०० तुमचे.

आता वरची मर्यादा. एस प्रोच्या बॅटरीत १४.४ युनिट वीज मावते आणि कंपनी एका चार्जमध्ये १५५ किलोमीटर सांगते. याच घराण्यातली २०२२ ची एस ईव्ही बघा. तिची बॅटरी २१.३ युनिटची, म्हणजे जवळजवळ दीडपट, आणि सांगितलेला पल्ला १५४. गाड्या वेगळ्या, वजनं वेगळी, हे कबूल. पण यावरून एक कळतं की कागदावरचा पल्ला ठराविक चाचणीतून येतो, तुमच्या गल्लीतून नाही. हिशेबाला भरल्या गाडीचे १०० किलोमीटर धरा. त्यातले २० टक्के कायम राखीव ठेवा. राहिले ८०. बॅटरी चार-पाच वर्षांत थोडी उतरते, उन्हाळ्यात पल्ला आणखी घटतो, म्हणून ७० वर थांबा.

म्हणजे या गाडीसाठी खिडकी उघडी आहे ती ४० ते ७० किलोमीटरची.

भिलाई या खिडकीत कशी बसते? हे शहर पोलाद कारखान्याबरोबर आखून वसवलेलं. सेक्टर शेजारी शेजारी, रस्ते सरळ, जमीन सपाट. उड्डाणपूल सोडले तर चढ नाही. नंदिनी रोडहून निघून पॉवर हाउस, सिव्हिक सेंटर, सेक्टर १०, रिसाली करत सुपेल्यावरून परत, अशी सकाळची एक फेरी आणि जेवणानंतर दुसरी. आपल्या वितरकांनी सांगितल्याप्रमाणे दोन फेऱ्यांचे मिळून ५५ किलोमीटर होतात. थांबत थांबत चालणं पेट्रोलच्या गाडीला मारक असतं. विजेच्या गाडीचं तसं नाही, कारण ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते. हा मार्ग विजेचाच.

त्यांची तिसरी गाडी मात्र रायपूरला जाते. हायवेने जाऊन-येऊन साठाच्या वर, त्यात रायपूर शहरातली फिरती वेगळी. हायवेच्या वेगाला वीज जास्त लागते आणि ब्रेकची परतफेड जवळपास नसते. ती गाडी पेट्रोलवरच राहू द्या. चौथी गाडी फक्त जवळच्या दुकानांना माल देते, रोज २० किलोमीटर. तिथेही वीज नको, कारण हप्ता निघणार नाही.

काही जण म्हणतील, मग मोठ्या बॅटरीची गाडी घेऊ, काळजीच नको. पण मोठी बॅटरी म्हणजे मोठा हप्ता. जी बॅटरी रोज वापरली जात नाही, ती गोदामात पडून राहिलेल्या मालासारखी असते. पैसा अडकतो, उलाढाल होत नाही.

चार्जिंगचं काय? ५५ किलोमीटरला साधारण ९ युनिट लागतात. १५ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर अडीच किलोवॉटने भरली तर चार तास पुरतात. रात्रभर वेळ आहे. जलद चार्जर गोदामात बसवायची काही गरज नाही. दोन गाड्या एकदम लावल्या तर ५ किलोवॉट लागतात. पंखे, दिवे, संगणक यांच्यासाठी घेतलेल्या मंजूर लोडमध्ये ते बसतात का, हे आधी बिलावर बघा. बसत नसेल तर एक गाडी रात्री दहाला, दुसरी दोनला लावा, किंवा लोड वाढवून घ्या. चार्जिंगसाठी वेगळं मीटर मागता येतं आणि त्याचा दरही वेगळा असतो. भिलाईत एक गोष्ट लक्षात ठेवा: टाउनशिपच्या हद्दीत वीज पोलाद कारखान्याच्या विभागाकडून येते, बाहेर सरकारी वितरण कंपनीकडून. अर्ज कुठे करायचा ते गोदामाच्या पत्त्यावर ठरतं.

सगळ्यात जास्त घोटाळे सॉकेटमध्ये होतात. चार तास सलग भार घेणं साध्या सॉकेटला झेपत नाही. प्लग काढताना हाताला चटका बसला, कडेला तपकिरी डाग दिसला किंवा प्लास्टिकचा वास आला, तर त्या रात्रीच तो वापरणं बंद करा. प्रत्येक गाडीला पॅनेलपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. अर्थिंग कच्चं असेल तर बरेच चार्जर चूक दाखवून थांबतात आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते. म्हणून चौकीदाराला सांगा, पहाटे पाच वाजता टक्के बघून वहीत लिहायचे. कमी निघाले तरी निघेपर्यंत दोन तास हातात असतात.

बाहेरच्या जलद चार्जरचा आधार आणीबाणीपुरता ठेवा. तिथे युनिट २० रुपयांना पडलं तर किलोमीटरचा खर्च ३ रुपये २० पैसे होतो आणि रोजची खालची मर्यादा ४० वरून ६० वर जाते. खिडकीच बंद होत येते.

उन्हाचं बोलू. मे महिन्यात भिलाईत पारा ४४-४५ ला टेकतो. भर दुपारी फेरी करून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर थांबू द्या. शिवाय या गाड्यांतल्या लोह-फॉस्फेट बॅटरीत उरलेले टक्के मोजणं अवघड असतं. कायम अर्धवट चार्ज करत राहिलात तर काटा चुकतो. २० टक्के दिसत असतात आणि दोन किलोमीटरमध्ये ८ होतात. असं झालं तर बॅटरी गेली म्हणून घाबरू नका. आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भरा, काटा बहुधा ताळ्यावर येतो. दोन-तीनदा भरूनही तसंच राहिलं, तर मात्र वॉरंटीचा कागद काढा.

शेवटी, बुकिंगच्या आधी दोन कामं करा. पहिलं, पंधरा दिवस प्रत्येक गाडीचं मीटर सकाळ-संध्याकाळ लिहा. खालच्या मर्यादेसाठी सरासरी बघा, वरच्यासाठी सर्वांत लांबचा दिवस. सणाच्या आठवड्यात ७० ओलांडत असेल, तर त्या दिवसांत पेट्रोलच्या गाडीशी मार्ग बदलता येतो का ते ठरवा. दुसरं, चाचणीची गाडी रिकामी चालवू नका. तुमचा माल भरा, तुमच्याच ड्रायव्हरला द्या, तुमच्याच मार्गावर पाठवा. १०० टक्क्यांनी निघून ४० किलोमीटरनंतर ५८ उरले, तर ४० किलोमीटरला ४२ टक्के गेले, म्हणजे पूर्ण पल्ला ९५. तुमचा खरा आकडा तो.

तर भिलाईच्या दादांना माझं उत्तर असं: सेक्टरच्या फेऱ्या मारणाऱ्या दोन गाड्या विजेवर घ्या, बाकीच्या दोन आहेत तशा राहू द्या. बाकीच्या मंडळींनी आपले किलोमीटर मोजावेत, आपल्या गावचे दर घालावेत आणि हाच भागाकार करावा.

भेटूया पुढच्या भागात.