‘फार महाग आहे’ या निरोपाला काय लिहावे?

मंडळातल्या अनेक भगिनी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. दर पाठवला की पहिलाच निरोप येतो, “अनारसे ८०० रुपये किलो? फार महाग. दुकानात ५०० ला मिळतात.” आणि घाईघाईने उत्तर जाते, “बरं ताई, तुमच्यासाठी ७००.”

आधी हिशेब पाहू. समजा तांदूळ, गूळ, साजूक तूप, खसखस, गॅस आणि मदतनीस बाईंची मजुरी धरून किलोमागे ६०० रुपये खर्च येतो. म्हणजे हाती २०० उरतात. सवलत दिसते १०० रुपयांची, पण गेली अर्धी कमाई. शिवाय न मागता शंभर उतरले, तर पहिला दर फुगवलेला होता असेच समोरच्याला वाटते.

मुळात ताईंनी अजून किती हवेत, कशासाठी हवेत, काहीच सांगितलेले नाही. तेव्हा उत्तर चार ओळींचे असावे:

“नमस्कार ताई. हो, दर ८०० रुपये किलो आहे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून पीठ घरीच करते आणि अनारसे साजूक तुपात तळते. तुम्हाला घरी खायला हवेत की वाणासाठी? साधारण किती लागतील?”

यात माफी नाही, दुकानाची निंदा नाही. दर तोच आहे, तो कशाचा आहे हे एका वाक्यात आले, आणि शेवटी प्रश्न आहे. खरे काम तो प्रश्नच करतो.

समजा उत्तर आले, “अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं आहे.” म्हणजे हवेत ३३ नग! एक अनारसा २० ग्रॅमचा धरला तर ६६० ग्रॅम, सुमारे ५३० रुपये. ताईंच्या मनात ८०० चा आकडा होता, तो आपोआप उतरला आणि दराला हात लागला नाही.

तरीही जड वाटले तर दर नव्हे, माल बदलावा: “१५ ग्रॅमचे लहान करून देते, ३३ नगांचे ४०० होतील.” शेजारच्या घरचीही ऑर्डर एकत्र आली, तर एकाच घाण्यात काम होते, तेव्हा थोडी सूट द्यायला हरकत नाही, कारण तिथे खर्च खरोखर वाचतो.

“३०० च्या वर जाणार नाही,” असे स्पष्ट आले, तर “एवढ्यात जमणार नाही, पुढच्या वेळी नक्की कळवा,” इतकेच लिहावे. लांबलचक समजावणी नको. ती वाचून माणसाला आपण चुकलो असे वाटते आणि तो परत येत नाही. मात्र सगळे ऐकून घेतल्यावरही चार-पाच जणी तेच म्हणाल्या, तर एकदा दर आणि खर्चाची वही उघडून बसावे. पीठ मुरायला आठवडाभर लागतो, म्हणून ही बोलणी वाणाच्या किमान दहा दिवस आधी व्हायला हवीत.