काळा झाला म्हणजे काढा झाला, हे कोणी सांगितलं?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की घराघरांत पोट बिघडतं आणि चुलीवर काढा चढतो. झाडांची ओळख या भागातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना उत्तम आहे. काढा करण्याच्या रीतीबद्दल मात्र एक समज मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि तो काही केल्या जात नाही: "खूप उकळा. जितका काळा, जितका घट्ट, तितका गुणकारी." घोडेगावपासून पुण्याच्या सोसायट्यांपर्यंत हे वाक्य सारखंच ऐकू येतं. ते चूक आहे, आणि त्यामुळे औषधही वाया जातं आणि झाडही.

कुड्याची साल घेऊ, कारण जुलाबावर या भागात पहिल्यांदा तिचीच आठवण होते. पांढऱ्या कुड्याची ही साल जाड, लाकडी आणि कडू असते. तिचा गुण पेशींच्या कठीण भिंतींआड असतो. पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि आतला अंश विरघळून बाहेर यायला आणखी वेळ लागतो. म्हणून सालीवर नुसतं गरम पाणी ओतून ती दहा मिनिटं झाकून ठेवली, तर पाणी तांबूस होतं, पण निम्म्याहून अधिक औषध सालीतच राहतं. तिला उकळावंच लागतं, आणि तेही मंद आचेवर.

शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं प्रमाण स्पष्ट दिलं आहे: एक भाग भरड औषध, सोळा भाग पाणी, मंद आच, आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणं. आज बरेच वैद्य चौथा हिस्सा उरवतात. लोक हे प्रमाण वाचतात आणि समजतात की आटवल्यामुळे औषध 'कडक' होतं. पाणी आटल्याने औषध वाढत नाही. सालीतून जेवढं बाहेर आलं तेवढंच भांड्यात असतं, मग ते ८० मिलीलिटरमध्ये प्या नाहीतर ४० मध्ये. आटवण्याचा खरा उपयोग वेळ मोजण्यासाठी आहे. मंद आचेवर सोळा भागांचे दोन भाग व्हायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ सालीला हवा असतो. ज्या काळी घरात घड्याळ नव्हतं, त्या काळी उरलेलं पाणी हेच घड्याळ होतं.

आता आच मोठी केली की काय होतं ते पाहा. २० ग्रॅम भरड साल, ३२० मिलीलिटर पाणी, आणि उरवायचं ४० मिलीलिटर. मंद आचेवर, खोल आणि अरुंद तोंडाच्या पातेल्यात याला साधारण पाऊण तास ते एक तास लागतो. रुंद कढईत मोठ्या जाळावर तेच पाणी पंधरा मिनिटांत आटतं. भांड्यात बरोबर ४० मिलीलिटर उरतात, माप जुळतं, पण साल तशीच राहते. मग आजी म्हणते, "अगं, अजून काळा नाही झाला," आणि सून आणखी पाणी घालून उकळते. शेवटी बुडाशी करपलेला काळा रस उरतो. तो काळेपणा औषधाचा नसतो, करपण्याचा असतो.

योग्य रीत अवघड नाही. साल कुटून भरड करा. पीठ करू नका, कारण पीठ तळाला बसतं, करपतं आणि गाळताना त्रास देतं. ती दोन-तीन तास पाण्यात भिजू द्या. भांड्यात आधी उरवायचं तेवढंच पाणी ओता, एक काडी उभी धरून ओलीची खूण करा, मग बाकीचं पाणी आणि साल घाला. आच एवढीच ठेवा की पाणी हलकेच हलत राहील. अधूनमधून भांडं उतरवून, चोथा बाजूला सारून काडीने पातळी तपासा. खुणेला आलं की गाळा आणि चोथा पिळा. मग त्यातला एक तुकडा चावून पाहा. तो अजून कडूजहर लागला तर साल नीट उतरली नाही: एकतर तुकडे मोठे होते, नाहीतर आच जास्त होती. तुकडा जवळजवळ बेचव लागला तर काढा झाला. पारखायचं ते चोथ्यावरून, रंगावरून नाही.

तुळस, गवती चहा, ओवा यांचं काम याच्या अगदी उलट आहे. त्यांचा गुण सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. घरभर तुळशीचा वास सुटला म्हणजे भांड्यातली तुळस रिकामी होते आहे. अशा पानांवर उकळतं पाणी ओतून घट्ट झाकायचं, पाच-दहा मिनिटांनी गाळायचं. हा फांट. शार्ङ्गधरात त्यासाठी औषधाच्या चौपट गरम पाणी सांगितलं आहे. २०२० साली आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या 'आयुष क्वाथा'ची तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांची पूडसुद्धा चहासारखी उकळलेल्या पाण्यात टाकून प्यायची होती, तासभर आटवायची नव्हती. घरोघर मात्र ती आटवली गेली. काढ्यात साल आणि तुळस दोन्ही हवी असेल तर साल आधी उकळा, भांडं उतरवल्यावर पानं टाका आणि झाका.

'मुळी आणि साल म्हणजे उकळायचीच' हाही नियम सरसकट लावू नका. उपळसरीच्या मुळीचा गोड वास हाच तिचा मोठा भाग आहे आणि तो उकळीत उडतो. ती कुटून गरम पाण्यात झाकून ठेवतात. वाळाही मुळीच, पण तो आपण माठातल्या थंड पाण्यात टाकतो.

झाकण ठेवून काढा करावा, हे चूक: सालीचा काढा उघड्या भांड्यात करतात, झाकायचा तो फांट.

लोखंडी कढईत काढा जास्त ताकदीचा होतो, हेही चूक: सालीतला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा होतो. हिरड्यात हिराकस घालून पूर्वी शाई करत, ती याच क्रियेने. मातीचं किंवा स्टीलचं भांडं घ्या.

एकदा केलेला काढा आठवडाभर चालतो, हे तर धोक्याचं आहे: तो आंबतो, म्हणून त्याच दिवशी संपवा.

कुडा कोणताही चालतो, असंही नाही. काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावाने सर्रास विकली जाते आणि ती फारशी कडू नसते. झाडावर शेंगा असतील तर ओळख सोपी: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला सुट्या असतात, काळ्याच्या टोकाला चिकटलेल्या.

मात्रा वैद्याकडूनच ठरवून घ्या. लहान मुलांना आणि गरोदर बाईला हा काढा घरच्या घरी देऊ नका. जुलाबात रक्त, ताप किंवा डोळे खोल जाणं दिसलं, तर मीठ-साखरेचं पाणी पाजत थेट दवाखाना गाठा. पाणी कमी पडल्याने जीव जातो आणि त्यावर कुड्याचा उपाय नाही.

साल काढताना खोडाभोवती गोल सोलू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जातं, तो थर पूर्ण गोल तुटला की झाड वाळतं. फांदीवरची, एकाच बाजूची उभी पट्टी घ्या. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर तीही घेता येत नाही.