पट काढण्याआधी

तालमीत नव्याने आलेल्या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी पट काढायची घाई असते. वस्ताद मात्र त्याला नुसतं उभं करतात. पाय खांद्यांएवढे फाकलेले, एक पाऊल जरा पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, कोपरं बरगड्यांजवळ. हा झाला पवित्रा. मग छातीवर तळहात ठेवून हलकंच ढकलतात. पोर टाचांवर गेलं, तर वजन मागे आहे.

तोलाचं गणित सोपं आहे. दोन्ही पावलांना जोडणारी रेघ कल्पा. त्या रेघेच्या दिशेने ढकललं तर माणूस टिकतो, रेघेला आडवं ओढलं की कोलमडतो. कितीही ताकदवान असला तरी ही आडवी बाजू कच्चीच राहते. म्हणून पाय सतत सरकते ठेवायचे. पण ते जुळू द्यायचे नाहीत की एकमेकांवरून टाकायचे नाहीत.

मॅटवर हे जास्त जपावं लागतं. माती पायाखाली सरकते, मॅट बूट धरून ठेवते. पाऊल अडकलं आणि वरचं अंग फिरलं, की गुडघा पिरगळतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लालाही मॅट नवखीच होती. तिथे ते सहावे आले. हेलसिंकीचं कांस्यपदक चार वर्षांनंतरचं.

डावाआधी पडणं शिकायचं. आधी उकिडवं बसून मागे लोळायचं: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात पोटाशी. पडताना हात मागे टेकायची उपजत खोड मोडेपर्यंत हेच चालतं, कारण ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट किंवा कोपर जातं.

मग दुहेरी पट, तोही संथ. जोडीदार पवित्र्यात उभा. पोर कंबर खाली घेतं, पुढचा गुडघा त्याच्या पावलांच्या मधोमध मॅटला टेकवतं, खांदा पोटाला भिडवतं आणि दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यांमागे पकडतं. डोकं बाहेरच्या बाजूला, कान बरगडीला, नजर वर. एका पोराने मान खाली घालून मुसंडी मारली आणि वस्तादांनी तिथेच शिट्टी फुंकली. खाली मान घालून धडक बसली, तर सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. डोकं वर असेल तर पाठही आपोआप सरळ राहते. पोराला पुन्हा गुडघा टेकवण्यापासून सुरुवात करावी लागली.

जोडीचे नियम आणखी कडक. वजनात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त फरक नको. नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, अंगावर गजकर्णाचा चट्टा असेल तर घरी. जोडीदाराने थाप मारली किंवा ‘सोड’ म्हटलं, की त्याच क्षणी पकड सुटलीच पाहिजे. उचलणं सुरुवातीला बंदच. पुढे परवानगी मिळाली तरी ज्याने उचललं, त्यानेच नीट खाली आणायचं.

थाप पडल्यावरही पकड क्षणभर जास्त धरली, तर त्या दिवशी त्या पोराला जोड मिळत नाही. भिंतीला टेकून बाकीच्यांच्या कुस्त्या बघायच्या.