आधी पैसे, मग माल

नव्या मालाला गिऱ्हाईक मिळेल का, हे जाणण्यासाठी बहुतेक जण आधी विचारपूस करतात. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना नमुना चाखवला जातो आणि सगळे म्हणतात, “छान आहे, विकायला सुरुवात कर.” या शब्दांवर विसंबून गाळा घेतला जातो. हे लोक खोटे बोलत नसतात. फुकट दिलेल्या वस्तूला नावे ठेवणे जिवावर येते, आणि “मी नक्की घेईन” म्हणायला काही खर्च येत नाही. खिशातून पैसे काढताना मात्र घरचा महिन्याचा हिशेब, आधीपासून वापरात असलेली वस्तू आणि नव्याबद्दलची शंका, हे सारे एकदम आडवे येते. म्हणून माल भरण्याआधी किंवा जागा घेण्याआधी मत विचारण्यापेक्षा पैसे मागावेत. ठरलेली किंमत, अनोळखी माणूस आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम, या तिन्ही गोष्टी असल्या तरच त्याला चाचणी म्हणता येते.

अमेरिकेत १९९९ साली निक स्विनमर्न यांना इंटरनेटवर बूट विकायचे होते. पायात घालून न पाहता बूट कोण घेणार, हा त्या वेळी रास्त प्रश्न होता. त्यांनी गोदाम घेतले नाही. जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून ते संकेतस्थळावर लावले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. या पद्धतीत प्रत्येक जोडामागे नुकसानच होते, पण त्या टप्प्यावर नफा शोधायचाच नव्हता. लोक न बघता बुटाचे पैसे भरतात, एवढे एकच उत्तर हवे होते, आणि ते मिळाले. पुढे ‘झॅपोस’ या नावाने वाढलेली ही कंपनी २००९ साली ॲमेझॉनने घेतली. मराठी वाचकाला याची घरची आवृत्ती ठाऊक आहे. जाडजूड किंवा अनेक खंडांचा ग्रंथ छापण्याआधी प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर करतो आणि आगाऊ नोंदणीवरून किती प्रती छापायच्या याचा अंदाज बांधतो.

अशी चाचणी लहान धंद्यात कशी उतरते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. पुण्यातल्या एका गृहिणीला थालीपिठाची भाजणी विकायची आहे. तिच्या मनातल्या गाळ्याचे भाडे १२,००० रुपये, मदतनीस बाईचा पगार १०,००० आणि वीज व किरकोळ खर्च ३,००० धरला, तर भाजणी खपो न खपो, महिन्याला २५,००० रुपये जाणार. अर्ध्या किलोची पिशवी १८० रुपयांना विकायची आहे. त्यात धान्य, डाळी, धणे-जिरे, दळणावळ, पिशवी आणि पोहोचवणे मिळून ९५ रुपये खर्च येतो. हाती राहतात ८५. पंचवीस हजारांना पंच्याऐंशीने भागले की २९५ पिशव्या येतात. एका घराला महिन्याला एक पिशवी पुरते असे मानले, तर नफा-तोटा नुसता बरोबरीत यायलाच २९५ नेहमीची घरे हवीत. हा आकडा चाचणीच्या आधीच कागदावर मांडलेला हवा, कारण विक्री पाहिल्यानंतर माणूस मिळालेल्या आकड्यालाच पुरेसा म्हणू लागतो.

चाचणी गाळ्याशिवाय होते. ओळखीचे कोणीही राहत नाही अशी दोनशे फ्लॅटची सोसायटी निवडायची. रविवारी सकाळी फाटकाजवळ टेबल मांडायचे, गरम थालीपीठ चाखायला द्यायचे, किंमत ठळक लिहायची आणि पुढच्या रविवारी घरपोच पिशवी मिळेल असे सांगून पूर्ण १८० रुपये यूपीआयने आगाऊ घ्यायचे. टेबलाचे भाडे आणि चवीचा नमुना मिळून २,००० रुपये धरू. भाजणी घरच्या कढईत भाजून ओळखीच्या गिरणीतून दळून आणायची, तीही पैसे आलेल्या पिशव्यांपुरतीच. अन्नपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयची नोंदणी मात्र पहिल्या विक्रीच्या आधी हवी. पैसे घेताना पोहोचवण्याची तारीख सांगायची आणि ती चुकली तर पैसे परत करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. नाहीतर ती चाचणी न राहता फसवणूक होते.

समजा, दोनशे घरांपैकी चौदांनी पैसे भरले. बहुतेक जण इथेच आनंदून गाळ्याची अनामत देतात. पण पहिली खरेदी कुतूहलाने होते. खरे उत्तर दुसऱ्या महिन्यात मिळते. त्या चौदा घरांना टेबल, नमुना काहीही न देता एकच साधा निरोप पाठवायचा: भाजणी हवी असल्यास पैसे भरा. त्यांतल्या सहांनी भरले, तर दोनशे घरांमागे नेहमीची घरे सहाच. त्या हिशेबाने २९५ घरे मिळवायला जवळजवळ दहा हजार घरांपुढे, म्हणजे अशा पन्नास सोसायट्यांत टेबल मांडावे लागेल. आता प्रश्नच बदलतो. भाजणी चांगली आहे का, हा प्रश्न मागे पडतो आणि पन्नास सोसायट्या कशा गाठायच्या, हा पुढे येतो. चौदा पिशव्यांचे १,१९० रुपये सुटले, म्हणजे दोन हजारांतले ८१० भरून यायचे राहिले. सहा घरे दरमहा ५१० देतात, म्हणजे ती टिकली तर तिसऱ्या महिन्यात खर्च वसूल होतो. सोसायट्या वाढवता येतील, पण गाळ्याचे भाडे भरण्याची वेळ अजून आलेली नाही.

किंमतही अशीच तपासता येते. दुसऱ्या, तशाच सोसायटीत हीच पिशवी १५० रुपयांना ठेवली आणि वीस घरांनी घेतली, तर गर्दी जास्त दिसते. पण दर पिशवीमागे आता ५५ रुपयेच सुटतात, म्हणून वीस पिशव्यांचे १,१०० रुपये चौदांच्या १,१९० रुपयांपेक्षा कमीच भरतात. शिवाय इतक्या लहान संख्येवर फार विसंबता येत नाही. चौदा घेणारे निघालेल्या सोसायटीसारख्याच दुसऱ्या सोसायटीत त्याच किमतीला आठही निघू शकतात आणि वीसही, निव्वळ योगायोगाने. म्हणून तीन-चार सोसायट्यांची बेरीज झाल्यावरच आकड्याकडे गांभीर्याने पाहावे.

चाचणी फसते ती बहुधा ठरावीक जागी. ओळखीच्या लोकांनी प्रेमापोटी घेतलेल्या पिशव्या हिशेबात मिसळतात, म्हणून त्या वेगळ्या लिहाव्यात. ‘पहिल्या पन्नासांना निम्म्या किमतीत’ असे म्हटले की उत्तर निम्म्या किमतीचे मिळते, पूर्ण किमतीचे नव्हे. दिवाळीच्या आधी घेतलेली फराळाची नोंदणी दिवाळीचाच अंदाज देते. श्रावणातल्या खपाबद्दल ती काही सांगत नाही. ‘नाव लिहा, माल आला की कळवू’ अशी यादी पैशांच्या तुलनेत कच्चा पुरावा असते, कारण नाव लिहिताना काहीच गमवावे लागत नाही.

काही गोष्टी या वाटेने कळत नाहीत. चालता-बोलता शिरणाऱ्या गिऱ्हाइकावर चालणारे दुकान, उदाहरणार्थ स्टेशनजवळचा वडापाव, आगाऊ नोंदणीने तपासता येत नाही. तिथे त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या गाड्याची एक बाजू आठवडाभर भाड्याने घेऊन रोख विक्री मोजावी लागते. आणि रोज चौदा किलो भाजणी एकसारख्या खमंगपणाने भाजता येईल का, ती पावसाळ्यात किती दिवस टिकेल, हे गिऱ्हाइकाचे पैसे सांगत नाहीत. त्यासाठी भाजणी बंद डब्यात ठेवून दर आठवड्याला वास आणि चव पाहण्याची वेगळी तपासणी लागते.