कार्मेन राहत होती की राहिली?

स्पॅनिश शिकताना ‘होता’ आणि ‘झाला’ यांची वाटणी करणं मराठी माणसाला सोपं वाटतं. चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीला इम्पेरफेक्तो, घडून गेलेल्या गोष्टीला प्रेतेरितो. आपल्याकडेही ‘जात होता’, ‘जायचा’ आणि ‘गेला’ आहेतच. ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते आणि म्हणूनच जिथे चालत नाही तिथे फसवते.

ही छोटी गोष्ट वाचा आणि कंसातल्या क्रियापदांचा काळ ठरवा. खालची उत्तरं आधी पाहू नका.

कार्मेन सहा वर्षं ग्रानादात राहत होती (१. बिबीर). दर रविवारी ती आजीकडे जायची (२. ईर). एका रात्री पाऊस पडत होता (३. योबेर) आणि आजी वाचत होती (४. लेएर). इतक्यात फोन वाजला (५. सोनार). आजीला तो घ्यायचा नव्हता, तिने चक्क नकार दिला (६. नो केरेर). कार्मेनने घेतला, तेव्हा भावाचं लग्न झाल्याचं तिला कळलं (७. साबेर).

उत्तरं: १. बिबिओ, २. ईबा, ३. योबीया, ४. लेईया, ५. सोनो, ६. नो कीसो, ७. सूपो.

दोन ते पाचमध्ये फारसं अडत नाही. रविवारची सवय, पाऊस आणि वाचन ही पार्श्वभूमी आहे, म्हणून इम्पेरफेक्तो. फोनने मात्र गोष्ट पुढे सरकते. मराठी माणूस अडखळतो तो बहुधा पहिल्याच जागी. ‘राहत होती’ ऐकून हात आपसूक बिबीया लिहितो. पण ‘सहा वर्षं’ म्हटलं की मुदत मोजून बंद झाली, आणि बंद मुदतीला स्पॅनिशमध्ये प्रेतेरितो लागतो, मग ती सहा वर्षांची असो वा सहा शतकांची. ‘रात्रभर पाऊस पडत होता’ हेही तिथे योबिओ होतं. किती वेळ चालू होतं याने काही ठरत नाही. बोलणारा त्या काळाकडे दोन्ही टोकं दिसतील असं पाहतो की मधूनच, यावर सारं ठरतं.

सहा आणि सातमध्ये काळ बदलताच अर्थही बदलतो. नो केरीया म्हणजे नुसती इच्छा नव्हती, कदाचित फोन घेतलाही असेल. नो कीसो म्हणजे साफ नकार. साबीया म्हणजे आधीपासून माहीत होतं. सूपो म्हणजे त्या क्षणी कळलं. सातव्या जागी साबीया लिहिलंत तर व्याकरण बिघडत नाही, पण लग्नाची बातमी कार्मेनला शिळी होऊन जाते.

आता पहिल्या वाक्यातून ‘सहा वर्षं’ काढा आणि तिथे ‘त्या काळात’ घाला. उत्तर बिबीया होईल.