शेवटचे वळण

उपनगरात पत्ता सापडत नाही तो बहुधा शेवटच्या शंभर पावलांत. स्टेशन सापडते, मोठा रस्ता सापडतो. गल्ली कोणती आणि फाटक कोणते, इथे येऊन माणूस अडतो. त्यातच महात्मा गांधी रस्ता मुलुंडलाही आहे आणि घाटकोपरलाही, आणि अंधेरीत पूर्व की पश्चिम हे विसरले तर सगळेच चुकते. ही शेवटची शंभर पावले घरबसल्या आधी पाहून ठेवण्याची सोय आता आपल्या हातात आहे. गूगलच्या नकाशात रस्त्यांची छायाचित्रे असतात, त्यांना स्ट्रीट व्ह्यू म्हणतात. टपावर कॅमेरे बसवलेली मोटार रस्त्याने फिरवून चहूबाजूंचे फोटो घेतात आणि ते नकाशाला जोडतात.

अमेरिकेत ही सोय 2007 साली सुरू झाली. आपल्याकडे 2011 साली बंगळूरला गाड्या फिरू लागल्या, तेव्हा पोलिसांनी सुरक्षेच्या कारणावरून त्या थांबवल्या. 2016 साली केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली. फेब्रुवारी 2021 च्या नव्या नियमांनी असे रस्त्यावरचे चित्रण फक्त भारतीय संस्थांना मोकळे केले. मग जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या दोन भारतीय कंपन्यांनी काढलेली छायाचित्रे घेऊन जुलै 2022 मध्ये ही सोय दहा शहरांत आली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की आपल्या गल्लीचा फोटो किती जुना असू शकतो, याचा त्यावरून अंदाज येतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटातली मुले मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका अंध विद्यार्थिनीला पुस्तके वाचून दाखवायला जातात. त्या एम. ए. करतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. वाचनाला मिळतो एक तास. दर खेपेला नवा वाचक जाई, मिठागर रोडवर येऊन घुटमळे आणि फोन करी. मग ताईंना दोन जिने उतरून फाटकाशी उभे राहावे लागे. तासातली पंधरा-वीस मिनिटे अशी जात. म्हणून वाचकांसाठी एक चिठ्ठी तयार करायचे काम मी घेतले. ताईंनी पत्ता सांगितला तो असा : "स्टेशनकडून येताना गिरणीचा आवाज आला की डावीकडे वळायचं. चाळीस पावलांवर आमचं फाटक."

प्रथम नकाशात इमारतीचे नाव घातले आणि खूण मुलुंड पूर्वेलाच पडली आहे ना, हे पाहिले. मग तिथला फोटो उघडला. समोर आली एक लांब भिंत, वर न्हाणीघरांच्या झडपा आणि खालपर्यंत उतरलेले सांडपाण्याचे पाईप. फाटक नाही, नावाची पाटी नाही. ही इमारतीची पाठ होती. असे नेहमी घडते. नकाशातली खूण प्लॉटच्या मध्यावर पडते आणि फोटो उघडतो तो तिथून सर्वांत जवळच्या रस्त्यावरचा. तो रस्ता मागचा असला तर आपल्याला मागची बाजू दिसते. पाईप आणि झडपा दिसल्या की ती पाठ समजावी व नकाशावर परत यावे. फोटो असलेल्या रस्त्यांवर निळ्या रेघा दिसतात. त्यांतली पुढच्या गल्लीची रेघ निवडावी.

पण मी थेट फाटकाशी न जाता आधी गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबलो. चालणारा माणूस जिथे वळणार, तिथूनच पाहायला हवे. तिथे पाहतो तर गल्ली उजवीकडे! ताईंनी तर डावी सांगितली होती. कारण साधे होते : मी उघडलेल्या फोटोत तोंड स्टेशनकडे होते. फोटोच्या कोपऱ्यातल्या लहान नकाशात आपली नजर कोणीकडे आहे ते दिसते. चित्र अर्धा फेरा फिरवून स्टेशनकडे पाठ केली, तेव्हा गल्ली डावीकडे आली आणि कोपऱ्यावर 'पिठाची गिरणी' अशी पाटीही दिसली. डावे-उजवे लिहून घेण्याआधी हा अर्धा फेरा प्रत्येकाने तपासावा.

गल्लीत दोन टप्पे पुढे गेलो तर फाटकासमोर टेंपो उभा. अशा वेळी एक टप्पा पुढे किंवा मागे जाऊन तिरके पाहावे. टेंपोआडचे बहुतेक दिसते. दुसऱ्या बाजूने सोसायटीची पाटी आणि फाटकाचा एक खांब दिसला. एक मात्र लक्षात ठेवावे : कॅमेरा मोटारीच्या टपावर, म्हणजे आपल्या डोळ्यांहून उंच असतो. त्याला कुंपणावरून आतले अंगण दिसते, आपल्याला रस्त्यावरून नुसती भिंत दिसते. म्हणून भिंतीआडची खूण चिठ्ठीत घेऊ नये.

फोटोच्या कडेला Image capture या शब्दांपुढे महिना आणि साल असते. इथे साल 2022 होते. ताईंची इमारत फोटोत कोपऱ्यापासून तिसरी होती आणि 'तिसरी इमारत' असे लिहिण्याचा मोह होत होता. पण उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम गल्लोगल्ली चालू आहे, तेव्हा ताईंना फोन करून विचारले, "तुमच्या शेजारची तीन मजली इमारत अजून आहे का?"

"ती पाडली की रे! सकाळपासून यंत्रांचा आवाज येतो ना, तो तिथलाच."

म्हणजे नव्या माणसाने इमारती मोजल्या असत्या तर तो पुढच्याच फाटकात शिरला असता. तेव्हा इमारती मोजणे सोडून, बांधकामाने सहसा हलत नाहीत अशा खुणा फोटोत शोधल्या. फाटकाच्या अलीकडे महावितरणची विजेची पेटी होती आणि पलीकडे पिंपळ. दोन्ही अजून आहेत, हे ताईंच्या आईंनी खिडकीतून पाहून सांगितले. शेवटी चिठ्ठी झाली ती अशी : 'स्टेशनकडून येताना डाव्या हाताला गिरणी. तिच्या अलीकडून डावीकडे. चाळीस पावले. विजेची पेटी आणि पिंपळ यांच्यामधले फाटक. शेजारी बांधकाम चालू असेल, तिथे शिरू नये.' त्यानंतर चार नवे वाचक गेले. ताईंना खाली उतरावे लागले नाही.

या सोयीला मर्यादा आहेत. फोटो दिवसाचे असतात. संध्याकाळनंतर दुकानाच्या पाटीवर उजेड असेलच असे नाही, आणि दिवसा उघडे दिसलेले दुकान रात्री नुसते शटर असते. मोठ्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यांवर फोटोची मोटार सहसा जात नाही; तिथे 'सी विंग' कुठली हे पहारेकऱ्यालाच विचारावे लागते. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर तर कित्येक वाटा पायऱ्यांच्याच आहेत. तिथे मोटारीतून काढलेले फोटो पायरीशी संपतात. अशा पत्त्यासाठी शेवटचा फोटो जिथे मिळतो ती जागा भेटीची म्हणून ठरवावी आणि घरच्या कोणाला तिथवर यायला सांगावे. निघण्यापूर्वी तोच फोटो त्यांनाही पाठवावा, म्हणजे दोघेही एकाच पायरीशी उभे राहतील.